आस किती ठेवायची? : रॉक संगीतातील ड्रमच्या आवाजाची वीस वर्षे

ग्लिन जॉन्स या इंग्लिश ध्वनिमुद्रकाने १९६८च्या शरद ऋतूत लंडनच्या ऑलिम्पिक स्टुडिओत लेड झेपेलिन या नव्या वाद्यवृंदाचा पहिला संग्रह मुद्रित केला. त्यानंतर काही महिन्यांतच, जानेवारी १९६९मध्ये, तोच जॉन्स बीटल्सच्या 'गेट बॅक' सत्रांवर काम करत होता. शहर एक, मुद्रक एक आणि मधला काळ जेमतेम तीन महिन्यांचा. तरीही दोन्हींतील ड्रम वेगळ्याच जगांतले वाटतात. लेड झेपेलिनचा जॉन बोनहॅम वाजवतो तेव्हा प्रत्येक घावाला शेपूट असते. ड्रम वाजतो, घुमतो आणि खोलीभर पसरतो. रिंगो स्टारचा घाव मात्र ओल्या मातीवर थाप पडावी तसा 'थप्' असा पडतो आणि तिथेच संपतो. त्या सत्रांचे चित्रीकरण झालेले आहे. त्यात रिंगोच्या ड्रमवर चक्क चहाच्या भांड्यांचे पुसणे अंथरलेले दिसते.

रॉकच्या जाणकारांत अशा फरकाचे श्रेय बहुधा वादकाच्या मनगटाला किंवा स्टुडिओतल्या यंत्रांना दिले जाते. दोन्ही खरे आहे, पण अपुरे आहे. गेली अनेक वर्षे मी ही ध्वनिमुद्रणे शेजारी शेजारी ठेवून ऐकत आलो आहे आणि मला त्यांत एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारलेला ऐकू येतो. आपल्याकडे तबल्याच्या किंवा सतारीच्या मागे रेंगाळणाऱ्या नादाला 'आस' म्हणतात. घावानंतर ही आस किती ठेवायची, हा तो प्रश्न. ड्रमवर कोणते पान चढवायचे, ते किती ताणायचे आणि शेजारी कोणते सिंबल टांगायचे, हे तिन्ही निर्णय मुळात या एका प्रश्नाची उत्तरे आहेत. प्रत्येक पिढीने वेगळे उत्तर दिले, म्हणून प्रत्येक काळाचा ड्रम वेगळा वाजला.

शाई नसलेले वाद्य

आधी वाद्याची अडचण समजून घेऊ. गोल, एकसारख्या जाडीच्या ताणलेल्या पडद्यावर काठी मारली की त्यातून एकच स्वर निघत नाही. मूळ स्वराची कंपने सेकंदाला शंभर असतील, तर त्याबरोबर सुमारे १५९, २१४, २३० अशी आडवळणी कंपनेही उमटतात. तंतुवाद्यात ती दोनशे, तीनशे, चारशे अशी सरळ पटीत असतात, म्हणून कानाला सूर लागतो. पडद्यावर ती विसंगत असल्यामुळे नुसता गोंगाट होतो. आपल्या पूर्वजांनी यावर शाई हा तोडगा काढला. तबल्याच्या आणि मृदंगाच्या पुडीवरचे ते काळे वर्तुळ पडद्याचे वजन असे वाटून देते की उपस्वर जवळजवळ सरळ पटीत येतात. सी. व्ही. रामन यांनी १९२०मध्ये एका सहकाऱ्यासह हे शास्त्रीय रीतीने मांडले.

पाश्चात्त्य ड्रमला शाई नाही. त्यामुळे त्याची आस लांबवली की तिच्याबरोबर हे विसंगत उपस्वरही लांबतात. त्यांना आवरण्याचे मार्ग मोजकेच आहेत : पान जाड घ्यावे, त्यावर काहीतरी ठेवून त्याला जड करावे, किंवा ताण असा जुळवावा की नको ते उपस्वर लवकर विरतील. पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक लावणारा वादक आणि ड्रमवर पुसणे टाकणारा रिंगो एकाच कुळातले म्हणावे लागतील. दोघेही पडद्याचे वजन वाढवून वरचे उपस्वर मारतात.

चामडे आणि प्लास्टिक

१९५०च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत ड्रमची पाने वासराच्या कातड्याची असत. ('पान' हा शब्द मी आपल्या ढोलवाल्यांकडून घेतला आहे.) हलगी शेकल्याशिवाय वाजत नाही, हे ज्याने पाहिले आहे त्याला या कातड्याचा त्रास सांगायला नको. हवेत दमटपणा आला की ते सैल पडे आणि दिव्यांच्या उष्णतेत पुन्हा ताणले जाई. पॉलिस्टरची फिल्म बाजारात आली तेव्हा अमेरिकेत काही जणांनी तिची पाने बनवायला सुरुवात केली. १९५७मध्ये रेमो बेली याने आपली कंपनी काढली आणि तिच्या पानांना 'वेदर किंग' असे नाव दिले. हवामानावर मात, हाच त्या नावाचा अर्थ.

पण हवामानाबरोबर आवाजही बदलला. कातडे जाडीला असमान आणि तंतुमय असते. कंपनाची बरीच ऊर्जा ते स्वतःच शोषून घेते, त्यामुळे वरचे उपस्वर लगेच विझतात आणि खाली खोल, आखूड नाद उरतो. प्लास्टिकची फिल्म सर्वत्र सारखी असते आणि फार कमी शोषते. रेमोचे नेहमीचे एकपदरी पान इंचाच्या शंभराव्या भागाइतके, म्हणजे पाव मिलिमीटर जाडीचे. त्यावर काठी पडली की आवाज उजळ, टणक आणि लांब येतो. विजेच्या गिटारांपुढे ड्रम ऐकू जायचा, तर हा उजळपणा हवाच होता. प्रेक्षागृहात तो गुण ठरला. स्टुडिओत मात्र मायक्रोफोन ड्रमच्या जवळ सरकू लागले, तसा त्याचा उपद्रव जाणवू लागला.

१९६६मध्ये बीटल्सच्या 'रिव्हॉल्व्हर' संग्रहाच्या वेळी ईएमआयच्या स्टुडिओतला तरुण जेफ एमेरिक त्यांचा मुद्रक झाला. बेस ड्रमपासून मायक्रोफोन ठरावीक अंतरावर ठेवावा, असा तिथे दंडक होता. एमेरिकने तो मोडून मायक्रोफोन अगदी पानापाशी नेला. इतक्या जवळून प्लास्टिकची टणटण सोसवेना, म्हणून त्याने बेस ड्रमच्या आत एक लोकरी स्वेटर कोंबला. पुढच्या वर्षांतली पुसणी याच वाटेने आली. म्हणजे जवळचा मायक्रोफोन आणि आखूड आस ही जोडी आहे. एक आले की दुसरे येणारच.

१९६९मध्ये 'ॲबी रोड' संग्रहाच्या वेळी रिंगोकडे लुडविगचा मेपल लाकडाचा नवा संच होता आणि त्यावर त्याने वासराच्या कातड्याची पाने चढवली होती. टॉममध्ये आलेल्या खोलीचे श्रेय पुढे त्याने स्वतः या पानांना दिले. त्या संग्रहातील 'द एंड' या गाण्यात त्याचे छोटे एकल वादन आहे. ते ऐकताना टॉमच्या घावामागे काय उरते, इकडे लक्ष द्यावे. खाली एक गोल, बुटका नाद ऐकू येतो, पण वर काहीच नाही. पुसण्यांनी प्लास्टिककडून जे करवून घेतले जात होते, ते कातडे आपणहून करते.

जिन्यातला ड्रम

आता दुसऱ्या टोकाचे उदाहरण जरा सविस्तर पाहू. 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' हे गाणे लेड झेपेलिनच्या नोव्हेंबर १९७१मध्ये निघालेल्या चौथ्या संग्रहाच्या शेवटी आहे. त्याचे ड्रम हॅम्पशायरमधील हेडली ग्रेंज या जुन्या इमारतीत मुद्रित झाले. मुद्रक होता अँडी जॉन्स, म्हणजे ग्लिनचा धाकटा भाऊ. बोनहॅमचा संच उंच दिवाणखान्यात जिन्याच्या तळाशी मांडला होता आणि दोन मायक्रोफोन वर जिन्याच्या कठड्यावरून खाली सोडले होते. ड्रमच्या जवळ एकही नव्हता. आवाज बाहेर उभ्या असलेल्या फिरत्या ध्वनिमुद्रण गाडीत जाई. तिथे तो कॉम्प्रेसरमधून, म्हणजे मोठा आवाज दाबून लहान आवाज वर उचलणाऱ्या यंत्रातून, काढला गेला. शिवाय बिन्सन या इटालियन यंत्राचा प्रतिध्वनी त्याला जोडला गेला.

या गाण्याचा उल्लेख आला की सगळे जिन्याचे कौतुक करतात. पण रिंगोचा पुसणे घातलेला संच त्या जिन्याखाली ठेवला असता, तर वरच्या मायक्रोफोनला दुरून उशी झोडपल्याचा आवाज मिळाला असता. खोलीला गाजवायचे, तर ड्रमने आधी स्वतः गाजले पाहिजे. बोनहॅमची पहिली तयारी इथे होती. त्याचा बेस ड्रम २६ इंचांचा. त्या काळच्या बहुतेक रॉक वादकांचा २२ इंचांचा असे. पुढचे पान त्याने काढले नव्हते आणि त्याला भोकही पाडले नव्हते. आत उशा नव्हत्या. वर दुधी, खरखरीत लेपाची पाने होती आणि ती बऱ्यापैकी ताणलेली होती.

'ताणलेली' या शब्दापाशी क्षणभर थांबायला हवे. मोठा, जड आवाज हवा असेल तर पान सैल सोडावे, असे सहज वाटते. जवळून ऐकले तर ते पटतेही. पण सैल पानाचा नाद दोन पावलांवर संपतो, कारण पडदा लोळतो आणि ऊर्जा बाहेर फेकत नाही. ताणलेले मोठे पान काठीला उलट झटका देते आणि त्याचा स्वर ठरावीक राहतो. तो स्वर मोठ्या खोलीच्या दुसऱ्या टोकापर्यंत टिकतो. खोल सुरासाठी पान ढिले करायचे नाही, तर ड्रमच मोठा घ्यायचा, असा हा हिशेब होता.

खालच्या पानाचे काम वेगळे आहे. ड्रमची दोन्ही पाने आतल्या हवेने एकमेकांना बांधलेली असतात. दोन्ही एकाच स्वरात लावली तर ती एकमेकांना झुलवत ठेवतात आणि आस सर्वांत लांब होते. खालचे पान वरच्यापेक्षा चढे लावले, तर स्वर स्पष्ट राहतो आणि आस थोडी आवरते. बोनहॅमच्या टॉमबद्दल सांगितली जाणारी रीत ही दुसरी आहे. लावण्याची कृती मात्र दोन्हीकडे सारखीच. कडेचे स्क्रू घड्याळाच्या क्रमाने न पिळता समोरासमोरचे घ्यायचे, प्रत्येकी थोडेच वळवायचे आणि मग प्रत्येक स्क्रूपासून इंचभर आत काठीने हलके टिचकी मारून सगळीकडे एकच स्वर येतो का ते पाहायचे. हातोडीने गठ्ठे ठोकत तबल्याचे घर न् घर मिळवण्यासारखेच हे काम. एखादा स्क्रू उतरलेला राहिला, तर घावानंतर नाद 'वंव् वंव्' असा हेलकावे खातो. दोन जवळचे स्वर एकमेकांशी भांडत असल्याची ती खूण आहे.

सिंबल गप्प का हवे?

आणि तरीही हे सगळे वाया गेले असते, जर सिंबल मध्ये आले असते. दूरच्या मायक्रोफोनला ड्रम आणि सिंबल वेगळे करता येत नाहीत. ड्रमचा नाद सेकंदाच्या आत ओसरतो, पण मोठे सिंबल अनेक सेकंद सळसळत राहते. त्यावर कॉम्प्रेसर लावला की तो ओसरणाऱ्या आवाजालाच वर उचलतो. मग सिंबलची सळसळ समुद्राच्या लाटेसारखी फुगते आणि तिच्याखाली ड्रम बुडतो.

बोनहॅम पाइस्टे या स्विस कंपनीची सिंबल वापरी. आधी 'जायंट बीट' आणि १९७१पासून '२००२' ही मालिका. पारंपरिक तुर्की धाटणीच्या झिल्जियन सिंबलच्या काशात शंभर भागांत सुमारे वीस भाग कथिल असते. '२००२'च्या काशात ते आठच. त्यामुळे आवाज चकचकीत आणि सरळ येतो, गिटारांच्या भिंतीला भेदून जातो आणि त्यात जुन्या जॅझ सिंबलचा धुरकट पसारा कमी असतो. पण 'लेव्ही'मध्ये धातूपेक्षा संयम महत्त्वाचा आहे. गाणे ऐकताना मोजून पाहावे. मुख्य ठेक्यात हायहॅट, बेस ड्रम आणि स्नेअर एवढेच आहे, क्रॅश सिंबल मोजक्या जागी. शिवाय लय मिनिटाला सुमारे सत्तर मात्रांची. स्नेअर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडते, म्हणजे दोन घावांमध्ये सुमारे पावणेदोन सेकंद मोकळे मिळतात. खोलीची आस त्या मोकळ्या जागेत पूर्ण उलगडते. त्याच संग्रहातल्या 'रॉक अँड रोल'ची लय याच्या दुपटीहून अधिक आहे आणि हायहॅट उघडे ठेवून झोडलेले आहे. तिथे हेच जिन्याचे तंत्र चिखल करून सोडेल.

म्हणून 'लेव्ही'चा आवाज केवळ एका जिन्याचा नाही. मोठे ताणलेले ड्रम, मोकळी पाने, आवरलेले सिंबल आणि संथ लय या चार गोष्टी एकत्र आल्या तेव्हा जिना उपयोगी पडला.

सत्तरीचे पुठ्ठे

पुढच्या काही वर्षांत मुद्रणाच्या पट्ट्या आठावरून सोळा आणि चोवीस झाल्या. प्रत्येक ड्रमला स्वतंत्र मायक्रोफोन देता येऊ लागला आणि आसेचे गणित पुन्हा उलटले. स्नेअर वाजली की शेजारचा टॉम आपोआप गुणगुणतो आणि त्याची गुणगुण टॉमच्या मायक्रोफोनमधून सतत गळत राहते. आठ मायक्रोफोन म्हणजे आठ गळती. उपाय अर्थातच आस मारण्याचा. टॉमची खालची पाने काढून टाकली गेली. पानांवर चिकटपट्ट्या आल्या. पान बनवणाऱ्यांनीही हात दिला. इव्हान्सच्या 'हायड्रॉलिक' पानात दोन पदरांमध्ये तेलाचा पातळ थर होता आणि रेमोच्या 'पिनस्ट्राइप'मध्ये दोन पदर कडेला चिकटवलेले होते. दोन्हींचा हेतू एकच : उपस्वर कडेशीच मरावेत.

याचा परिणाम १९७७च्या फ्लीटवुड मॅकच्या 'रूमर्स' संग्रहात ऐकू येतो. ड्रम इतके कोरडे आहेत की ते कुठल्या खोलीत वाजले याचा पत्ता लागत नाही. काही समीक्षक या आवाजाला पुठ्ठ्याच्या खोक्याची उपमा देऊन हिणवतात. मला ते अन्यायाचे वाटते. त्या गाण्यांत तीन गायकांचे आवाज आणि गिटारांची बारीक वीण आहे. त्यामागे बोनहॅमचा ड्रम घुमला असता, तर शब्द ऐकू आले नसते. कोरडेपणा ही तिथे गाण्याची गरज होती. तोच कोरडेपणा सवयीने सगळीकडे लादला गेला, तेव्हा तो कंटाळवाणा झाला.

सिंबलवर बंदी

या कंटाळ्यावरचा उतारा १९७९मध्ये लंडनच्या टाउनहाउस स्टुडिओत सापडला. पीटर गेब्रिएल आपला तिसरा संग्रह करत होता. निर्माता स्टीव्ह लिलीव्हाइट, मुद्रक ह्यू पॅडगम आणि काही गाण्यांना ड्रमवर फिल कॉलिन्स. गेब्रिएलने वादकांना एक विचित्र अट घातली होती : सिंबल वाजवायचे नाही.

नियंत्रणकक्षाला स्टुडिओतले बोलणे ऐकू यावे म्हणून छतापाशी एक मायक्रोफोन असतो. तिथल्या मिश्रणमंचावर त्या मायक्रोफोनला अतिशय कडक कॉम्प्रेसर जोडलेला होता. कॉलिन्स वाजवत असताना तो चालू राहिला आणि आत एकदम राक्षसी ड्रम ऐकू आला. त्यावर पॅडगमने 'गेट' लावले. गेट म्हणजे आवाज ठरावीक पातळीच्या वर असेपर्यंत उघडे राहणारे आणि खाली गेला की धाडकन बंद होणारे दार. खोलीची प्रचंड आस ऐन भरात असतानाच कापली गेली. घावामागे स्फोट आणि स्फोटामागे निखळ शांतता. संग्रहाचे पहिलेच गाणे, 'इंट्रूडर', या आवाजाने सुरू होते. जानेवारी १९८१मध्ये कॉलिन्सच्या स्वतःच्या 'इन द एअर टुनाइट'ने तो जगभर पोचवला.

या युक्तीचे वर्णन नेहमी यंत्राच्या अंगाने होते. पण ती यशस्वी होण्यामागे सिंबलवरची बंदी होती. एकही क्रॅश वाजला असता, तर कडक कॉम्प्रेसरने त्याची सळसळ उचलून धरली असती. ती पातळीखाली जाईपर्यंत दार मिटलेच नसते आणि मिटताना सिंबल अर्ध्यात तुटल्यासारखे विद्रूप ऐकू आले असते. कॉलिन्सचे एका पानाचे, खालून उघडे टॉमही इथे उपयोगी पडले. त्यांचा स्वतःचा नाद आखूड आणि धारदार, त्यामुळे शेपूट केवळ खोलीचे आणि तेही हव्या तिथे कापलेले. बोनहॅमने संयमाने जे साधले, ते गेब्रिएलने नियम घालून साधले.

'सिंबल नको' ही अट पुढे फार थोड्यांना पाळता आली, कारण बहुतेक रॉक गाण्यांना कडव्याच्या तोंडाशी क्रॅश लागतोच. म्हणून ऐंशीच्या दशकात यंत्राने बनवलेली आस एकेका स्नेअरला स्वतंत्र जोडण्याची पद्धत रुळली. तिच्यात खोली नसतेच, त्यामुळे सिंबल शिरण्याचा प्रश्नही उरत नाही. १९९१मध्ये निर्वाणाच्या 'नेव्हरमाइंड'ने पुन्हा खऱ्या खोलीकडे तोंड वळवले. लॉस एंजेलिसच्या साउंड सिटी स्टुडिओच्या मोठ्या दालनात डेव्ह ग्रोलने जड पितळी धाटणीच्या स्नेअरवर आणि सताड सिंबलांसह पूर्ण ताकदीने वाजवले. मिश्रण करताना अँडी वॉलेसने तरीही ड्रमचे साठवलेले नमुने मदतीला घेतले आणि त्यांच्याकरवी कृत्रिम आस चेतवली. नमुन्यात सिंबल नसते, म्हणून त्याची आस स्वच्छ राहते. वीस वर्षांनंतरही भांडण तेच होते.

हा इतिहास ऐकून पडताळायचा असेल, तर एक साधी पद्धत आहे. 'द एंड', 'लेव्ही', 'रूमर्स'मधले कोणतेही गाणे आणि 'इंट्रूडर' ही चार मुद्रणे क्रमाने लावावीत. काठी पडण्याचा क्षण सोडून द्यावा आणि फक्त त्यानंतरचा अर्धा सेकंद ऐकावा. पहिल्यात नाद पानातच विरतो, दुसऱ्यात तो जिना चढून जातो, तिसऱ्यात तो जन्मतच नाही आणि चौथ्यात तो भरात असताना दार बंद होते. शेवटी त्याच अर्ध्या सेकंदात सिंबल कुठे आहे, तेही पाहावे. ड्रम जिथे सर्वांत मोठा वाटतो, तिथे ते बहुतेक वेळा गप्प असते.